जुन्या कॅमेऱ्याचा भाव: बिल बाजूला ठेवा, आजची किंमत बघा

जुना कॅमेरा विकायला काढणारा माणूस सर्वांत आधी जुनं बिल शोधतो. त्यावर ९५,००० लिहिलेले असतात. कॅमेरा पाच-सहा वर्षं वापरलेला असतो, पण जपून वापरलेला असतो. मग तो मनाशी ठरवतो, साठ हजार तरी यायलाच हवेत. घेणारा भलत्याच टोकाकडून येतो. शटर काउंट लाखाच्या जवळ गेला की कॅमेरा भंगारात निघतो, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. तो पंचवीसपासून बोली लावतो. पुढचा अर्धा तास दोघं आपापला आकडा रेटत राहतात आणि जो आधी कंटाळतो त्याचं नुकसान होतं.

खरं तर या व्यवहारात अंदाजाला फार कमी जागा आहे. दोन गोष्टी पक्क्या धरल्या की भाव कागदावर मांडता येतो. पहिली म्हणजे वरची मर्यादा आजच्या नव्या कॅमेऱ्याची किंमत ठरवते. विकणाऱ्याने तेव्हा किती मोजले याच्याशी तिचा संबंध नाही. दुसरी म्हणजे कोणताही दोष, वाढलेला शटर काउंटसुद्धा, तो दुरुस्त करायला जितका खर्च येईल तितकाच भाव कमी करतो. दुरुस्त न होणारे दोष वेगळे, त्यांच्याकडे नंतर वळू.

हे समजून घ्यायला एक ठरावीक कॅमेरा समोर ठेवू: निकॉन डी७५००. २०१७ साली आलेला हा डीएसएलआर १८-१४० लेन्सच्या किटसह लग्नाच्या फोटोग्राफरांपासून हौशी लोकांपर्यंत अनेकांनी घेतला. असा एक कॅमेरा साताऱ्याच्या एका फोटोग्राफरने विकायला काढला आहे असं समजू. २०१९ चं बिल किटचं, ९५,००० रुपयांचं. मागणी ६०,००० ची. सोबत एक जादा बॅटरी, मेमरी कार्ड, बॅग आणि ट्रायपॉड. पुढे रुपयांचे जे आकडे येतील ते पद्धत दाखवण्यापुरते धरलेले आहेत. आपल्या सौद्याच्या दिवशी ते बाजारातून नव्याने घ्यायचे.

वरची मर्यादा

नवी किंमत म्हणजे खोक्यावर छापलेली एमआरपी नव्हे. दुकानदार बिलासकट, कंपनीच्या भारतातल्या वॉरंटीसकट ज्या रकमेला माल हातात देतो ती. दसरा-दिवाळीच्या ऑफरमध्ये ती खाली येते आणि तिच्यासोबत जुन्या मालाचा भावही खाली येतो. म्हणून दोन-तीन दुकानांत त्याच दिवशी फोन करून विचारणं बरं. बॉडी आणि किट या दोन्ही किमती वेगवेगळ्या विचारायच्या. त्या फरकाचा उपयोग पुढे लेन्सचा भाव काढताना होतो. आपल्या उदाहरणात नवी बॉडी ७०,००० ला आणि किट ८८,००० ला मिळते असं धरू.

मॉडेल बंद झालं असेल तर? मग तेच काम करणारा, आज मिळणारा सर्वांत स्वस्त नवा कॅमेरा शोधायचा. निकॉनचाच डी७५० घ्या. २०१४ साली आलेला हा २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा, त्यात दोन कार्डांची सोय. २०२० मध्ये त्याच कंपनीचा झेड५ आला: फुल-फ्रेम, २४ मेगापिक्सेल, दोन कार्डं आणि आकार लहान. डी७५० च्या मालकाने त्या वेळी कितीही मोजले असोत, त्याची वरची मर्यादा आता झेड५ सारख्या नव्या बॉडीच्या किमतीने ठरते. अशी नवी बॉडी स्वस्त झाली की तिच्याखालच्या सगळ्या जुन्या बॉडी एक-एक पायरी उतरतात.

कॅमेरा भारतात अधिकृतपणे आलेला नसून ग्रे मार्केटचा असेल, तर तुलनाही ग्रे मार्केटच्या नव्या किमतीशीच करायची. भारतीय वॉरंटीची किंमत त्यात कधीच नव्हती, मग ती विकताना वसूल कशी करणार?

आता मर्यादेवरून खाली उतरायचं. नवा कॅमेरा घेणाऱ्याला वॉरंटी मिळते, काही बिघडलं तर भांडायला एक दुकान मिळतं आणि आधी तो कोणी कसा वापरला हा प्रश्नच नसतो. अनोळखी माणसाकडून घेताना या तिन्ही गोष्टी सोडाव्या लागतात. त्यामुळे जेमतेम वीस हजार फोटो काढलेल्या स्वच्छ बॉडीलाही व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाताना नव्या किमतीच्या साठ ते सत्तर टक्के मिळाले तर तो चांगला भाव समजावा. मधला पासष्ट टक्क्यांचा आकडा घेऊ: ४५,५००.

हा टक्का मॉडेलनुसार बदलतो, तो पडताळून बघायचा. इथे एक फसगत होते. जाहिरातींत दिसणारे आकडे हे मागणीचे असतात. दोन महिने तशीच टिकून राहिलेली जाहिरात म्हणजे त्या भावाला कोणी घेतलं नाही याचा पुरावा. लागल्या लागल्या चार दिवसांत गायब होणाऱ्या जाहिरातींचे आकडे बाजाराच्या जवळचे असतात.

शटर काउंट: मोजायचा कसा, वजा किती करायचा

सेन्सरसमोर दोन पातळ पडदे असतात. बटण दाबलं की पहिला सरकून सेन्सर उघडा करतो, दुसरा त्याच्यामागून येऊन झाकतो. डी७५०० मध्ये हे सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाइतक्या कमी वेळातही घडू शकतं. हे हलणारे भाग झिजतात, म्हणून ते किती वेळा हलले याची नोंद महत्त्वाची. मोटारीच्या किलोमीटरसारखीच ती: वापर कळतो, सवयी कळत नाहीत.

कंपनी शटरची चाचणी एका ठरावीक आकड्यापर्यंत घेते. डी७५०० साठी तो दीड लाख आहे, कॅननच्या ८०डी साठी एक लाख, निकॉनच्या डी८५० साठी दोन लाख. तो आकडा ओलांडला की शटर बंद पडतं असं नाही. काही शटर तीन लाखांवरही चालतात, काही चाळीस हजारांतच मान टाकतात. घरच्या सहली आणि वाढदिवसांपुरता कॅमेरा वापरणारा वर्षाला पाचेक हजार फोटो काढतो. त्याला दीड लाख गाठायला तीस वर्षं लागतील. लग्नाचा फोटोग्राफर हळदीपासून पाठवणीपर्यंत एका दिवसात अडीच हजार फ्रेम सहज काढतो. त्याचे साठ दिवस झाले की तोच दीड लाख पुरा.

निकॉनच्या बाबतीत हा आकडा तपासणं सोपं आहे, कारण कॅमेरा तो प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. मात्र फोटो कॅमेऱ्यातून थेट आलेला, कशातही न उघडता न बदलता मिळालेला हवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती निघून जाते. म्हणून विकणाऱ्याला आजच काढलेला एक फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगायचं. मग संगणकावर exiftool नावाच्या मोफत प्रोग्रॅमने एकच ओळ चालवायची:

```
exiftool -Model -SerialNumber -ShutterCount DSC_0412.JPG
```

मॉडेल, बॉडीचा सीरियल नंबर आणि शटर काउंट अशा तीन ओळी समोर येतात. सीरियल नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या नंबराशी आणि बिलावरच्या नंबराशी ताडून बघायचा. तिन्ही जुळले तर फोटो त्याच कॅमेऱ्याचा आहे आणि बिलही त्याच कॅमेऱ्याचं आहे, हे एका दमात कळतं. चोरीचा माल गळ्यात पडू नये यासाठी याहून सोपी तपासणी नाही.

इथे दोन चुका सर्रास होतात. फाइलच्या नावातला DSC_0412 हा नंबर शटर काउंट नव्हे. तो ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि मेनूतून शून्यही करता येतो. दुसरी चूक Battery info या पडद्यावरची. तिथे No. of shots समोर ३४० दिसले की काही जण तोच एकूण वापर म्हणून दाखवतात. बॅटरी शेवटची चार्ज केल्यापासून काढलेले फोटो तेवढे तिथे मोजलेले असतात. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये फोटोच्या फाइलवरून काउंट कळत नाही. तिथे कॅमेरा केबलने संगणकाला जोडून वाचणारा प्रोग्रॅम लागतो किंवा सर्व्हिस सेंटरला विचारावं लागतं.

आता वजाबाकी. शटर हा बदलता येणारा भाग आहे. सर्व्हिस सेंटरला फोन करून या मॉडेलचं शटर मजुरीसकट कितीला बदलून मिळेल ते विचारायचं. समजा उत्तर आलं, १२,०००. मग काउंटमुळे भाव जास्तीत जास्त १२,००० ने उतरू शकतो, त्याहून जास्त नाही. काउंट दोन लाख असला तरी घेणाऱ्याचं सर्वांत वाईट म्हणजे एवढंच होईल की त्याला नवं शटर बसवावं लागेल.

आपल्या उदाहरणातल्या कॅमेऱ्याचा काउंट ९२,००० निघाला. पासष्ट टक्क्यांचा भाव वीस हजार फोटोंच्या बॉडीचा धरला होता, त्यामुळे त्यावरचे ७२,००० मोजायचे. दीड लाखातले ७२,००० म्हणजे ४८ टक्के. बारा हजारांच्या ४८ टक्के ५,७६० होतात, ५,८०० धरू. बॉडी आली ३९,७०० वर.

या हिशेबातून एक अनपेक्षित गोष्ट दिसते. महाग बॉडीच्या भावात काउंटचा वाटा लहान असतो, स्वस्त बॉडीत तो मोठा होतो. सेकंडहँडमध्ये सव्वा लाखाला जाणाऱ्या व्यावसायिक बॉडीचं शटर वीस हजारांत बदललं तरी सौदा मोडत नाही. पण अठरा हजारांना मिळणाऱ्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्याचं शटर नऊ हजारांना बदलायचं, तर भावातला अर्धा वाटा तिथेच जातो. तिथे शटर गेलं की बहुधा कॅमेराच बाजूला पडतो. म्हणून स्वस्त कॅमेरा घेताना कमी काउंटसाठी अडून बसावं आणि महाग कॅमेरा घेताना काउंटवरून फार घासाघीस करत बसू नये.

काउंट काय सांगत नाही हेही लक्षात ठेवायला हवं. तासन्‌तास व्हिडिओ काढणाऱ्याच्या कॅमेऱ्यात काउंट कमी दिसतो, पण सेन्सर तापलेला असतो आणि एचडीएमआयची जागा केबल काढून-घालून सैल झालेली असते. केबल लावून हलकेच हलवली आणि चित्र तुटलं तर ती दुरुस्ती भावातून वजा करायची. निकॉनच्या झेड८ आणि झेड९ मध्ये तर यांत्रिक शटरच नाही, तिथे झीज म्हणून काउंट बघण्यात अर्थ उरत नाही.

हातात घेतल्यावर

बॉडीवरचे ओरखडे दिसायला वाईट असतात, पण खर्चात फारसे बसत नाहीत. शोधायचं ते वेगळं असतं. वर जिथे फ्लॅश लावतात त्या हॉट शूचा काळा रंग उडून धातू चमकत असेल, तर हा कॅमेरा लग्नांत राबला आहे. डायलच्या खाचेत पिवळी पूड दिसली तर ती हळद असते, गुलाबी असेल तर मिरवणुकीतला गुलाल. बटणांच्या कडांतली ही पूड निघते, पण पुडीने डायल अडखळत फिरत असेल तर उघडून साफ करावं लागतं. म्हणून प्रत्येक डायल दोन्ही बाजूंना फिरवायचा आणि पडद्यावरचा आकडा एक-एक पायरीने बदलतो का, ते बघायचं. आकडा मागे-पुढे उडत असेल तर डायल बदलावा लागेल.

बॅटरीचं झाकण उघडून आतल्या पितळी टोकांवर हिरवट थर आहे का, स्क्रूंवर गंज आहे का, ते बघायचं. समुद्रकिनाऱ्यावरच्या प्री-वेडिंग शूटमध्ये खारं पाणी आत गेलं की खुणा तिथेच उमटतात. तळाच्या स्क्रूंची डोकी चेपलेली असतील तर कॅमेरा कोणीतरी उघडला आहे; सर्व्हिस सेंटरचं बिल मागायचं. पाणी गेलेली बॉडी हा दुरुस्त न होणाऱ्या दोषांपैकी पहिला. गंज आत पसरत राहतो, आज चाललेला कॅमेरा सहा महिन्यांनी बंद पडतो. तिथे टक्क्यांत वजाबाकी करत बसू नये, कॅमेरा परत द्यावा.

मग दोन फोटो. पहिला उन्हात उजळलेल्या पांढऱ्या भिंतीचा, १/८००० शटर वेगावर. सगळी चौकट एकसारखी उजळ दिसली पाहिजे. वरच्या किंवा खालच्या कडेला काळी पट्टी आली तर एक पडदा मागे पडतो आहे. काउंट कितीही असो, शटरचा पूर्ण खर्च वजा करायचा. दुसरा फोटो कोऱ्या कागदाचा, एफ/२२ वर, फोकस मुद्दाम बिघडवून. सेन्सरवरची धूळ आता काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. ठिपके असणं नेहमीचं आहे, सेन्सर साफ करून घेता येतो. साफ केल्यावरही तिथल्या तिथे राहणारी बारीक रेघ मात्र ओरखडा असतो. सेन्सर बदलायचा खर्च बॉडीच्या भावाला गिळून टाकतो, तोही दोष दुरुस्त न होणाऱ्यांतलाच.

आपल्या कॅमेऱ्यात अंगठ्याखालचं रबर सुटलं आहे, ते बदलायला १,५०० आणि सेन्सर साफ करायला १,००० धरू. हॉट शूचा रंग उडाला आहे, पण फ्लॅश व्यवस्थित पेटतो, म्हणून त्याचं काही वजा नाही. बॉडी आता ३७,२०० वर आली.

लेन्सचा हिशेब निराळा

लेन्सला शटर नाही, त्यामुळे काउंट नाही. काच झिजत नाही, म्हणून चांगली लेन्स बॉडीपेक्षा अधिक काळ भाव टिकवते. पण आपल्याकडच्या हवेत तिचा खरा शत्रू बुरशी. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते आणि कपाटातल्या बंद बॅगेत ती आणखी कोंडते. काचेवरच्या लेपावर बुरशीचे तंतू पसरतात.

तपासायचं असं. लेन्स कॅमेऱ्यातून काढायची, ॲपर्चर पूर्ण उघडा ठेवायचा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरायचा आणि पुढून तिरकं बघायचं. धुळीचे सुटे कण प्रत्येक लेन्समध्ये असतात, ते फोटोत उतरत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या रेघा म्हणजे बुरशी. काचेवर सर्वत्र पसरलेला दुधाळ धूसरपणा असेल तर प्रकाशासमोर काढलेले फोटो फिके येतात. कडेला नुकती सुरुवात झाली असेल तर उघडून साफ करायचा खर्च वजा करायचा आणि त्यावर थोडी जोखीम धरायची. बुरशी मध्यापर्यंत पोहोचली असेल तर ती काढली तरी लेपावर तिचे डाग राहतात. अशी लेन्स निम्म्या भावातही घ्यावी की नाही याचा विचार करावा.

ओरखडे पुढच्या काचेपेक्षा मागच्या काचेवर जास्त त्रास देतात. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत बहुधा दिसतही नाही, पण विकताना घेणारा तो दाखवून भाव पाडणार, तेव्हा आपणही घेताना तेच करावं. ऑटोफोकस जवळून लांब आणि लांबून जवळ असा दहा-बारा वेळा करून बघायचा. मोटर किंचाळत किंवा अडखळत असेल तर दुरुस्ती महाग असते.

कोणत्या काळातली लेन्स आहे हेही भावात मोजलं जातं. निकॉनच्या मिररलेस बॉडीवर जुन्या लेन्स अडॅप्टरने लागतात. पण ज्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची फोकसची मोटर नाही, त्या तिथे आपोआप फोकस करत नाहीत. अशा लेन्सचे ग्राहक आता जुनी डीएसएलआर बॉडी असणाऱ्यांपुरतेच उरले आहेत आणि भावात ते दिसतं.

किट लेन्सच्या बाबतीत विकणाऱ्याचा गोंधळ हमखास होतो. तो दुकानात १८-१४० सुटी विचारतो, चढा आकडा ऐकतो आणि त्याच्या निम्मे मागतो. पण नवी किट घेणाऱ्याला ती लेन्स किट आणि बॉडी यांच्यातल्या फरकाला मिळते, म्हणजे आपल्या उदाहरणात १८,००० ला. तोच तिचा खरा नवा भाव. किट लेन्स बाजारात भरपूर असतात, म्हणून स्वच्छ लेन्सलाही त्याच्या निम्मे पुरेत: ९,०००. उदाहरणातल्या लेन्समध्ये थोडी धूळ आहे, बुरशी नाही. बॉडी आणि लेन्स मिळून ४६,२००.

सोबतचं सामान

जे नसेल तर घेणाऱ्याला लगेच नवं घ्यावं लागेल, ते आधी मोजायचं. मूळ चार्जर आणि एक मूळ बॅटरी हे कॅमेऱ्याच्या भावात धरलेलेच असतात. चार्जर नसेल तर कंपनीच्या नव्या चार्जरची पूर्ण किंमत वजा. बॅटरीचं वय Battery info मध्ये Battery age समोर शून्य ते चार या पट्टीवर दिसतं. तिथे चार आलं की ती बॅटरी बदलायला झाली आहे, भावात तिचं काहीच मोल नाही.

जादा सामान मात्र निम्म्याहूनही कमी भावाने मोजायचं, कारण विकणाऱ्याच्या गरजेचं ते घेणाऱ्याच्या गरजेचं असेलच असं नाही. मूळ कंपनीची, शून्य वयाची जादा बॅटरी असेल तर तिचे १,५०० द्यायला हरकत नाही. वापरलेल्या मेमरी कार्डाचे ३००. बॅगेचे काही नाही. ट्रायपॉडचा सौदा वेगळा करायचा: हवा असेल तर भाव ठरवा, नको असेल तर विकणाऱ्याकडेच राहू द्या. ‘सगळं मिळून इतके’ अशा मागणीत बॅग आणि ट्रायपॉडच्या आडून बॉडीचा भाव चढवलेला असतो, म्हणून प्रत्येक वस्तूचा आकडा सुटा मागायचा.

खोकं रिकामं असलं तरी त्याला मोल आहे. त्यावरचा सीरियल नंबर जुळतो आणि पुढे आपल्याला विकताना सोपं जातं. पण त्यासाठी पाचशे-सातशेहून जास्त देऊ नयेत. आपल्या विक्रेत्याकडे खोकं नाही, बिल आहे, ते पुरतं.

सगळं एकत्र

बॉडी पासष्ट टक्क्यांनी ४५,५००. काउंटचे ५,८०० वजा, रबर आणि सेन्सरचे २,५०० वजा: ३७,२००. लेन्सचे ९,०००. बॅटरी आणि कार्डाचे १,८००. एकूण ४८,०००. मागणी ६०,००० ची होती. फरक बहुतेक सगळा जुन्या बिलातून आणि बॅग-ट्रायपॉडमधून आला होता. याच कॅमेऱ्याचा काउंट १,८०,००० असता तर बाराच्या बारा हजार वजा झाले असते. त्यातले वीस हजार फोटोंचे १,६०० आधीच धरलेले असल्याने १०,४०० उतरवायचे, म्हणजे एकूण भाव ४३,४०० झाला असता. काउंट जवळजवळ दुप्पट होऊनही भाव साडेचार हजारांच्या आसपासच उतरतो, ही गोष्ट लाखाचा बागुलबुवा करणाऱ्यांना सांगायला हवी.

हा ४८,००० व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाण्याचा भाव झाला. हाच कॅमेरा मुंबईच्या फोर्टमधल्या किंवा कुठल्याही गावातल्या सेकंडहँड दुकानात नेला, तर दुकानदार त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे तीस-बत्तीस हजार देऊ करेल. त्यात फसवणूक आहे असं समजू नये. त्याला तो साफ करून, महिनोन्‌महिने काउंटरमध्ये ठेवून, काही दिवसांची हमी देऊन विकायचा असतो आणि त्यातला एखादा कॅमेरा परत येणार हेही त्याने धरलेलं असतं. विकणाऱ्यासाठी हा तीस-बत्तीस हजारांचा आकडा तळ आहे: त्याखाली कोणालाही देण्यापेक्षा दुकानात द्यावा. घेणाऱ्यासाठी दुकानाचा विक्रीचा भाव छत आहे. अनोळखी माणूस हमी न देता तितकेच मागत असेल, तर दुकानातूनच घ्यावा. खासगी सौदा या दोन आकड्यांच्या मध्ये व्हायला हवा आणि दोघांनी हिशेब मांडला तर तो ४५ ते ४८ हजारांत होतो.

हंगाम हजार-दोन हजारांचा फरक करतो. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, फोटोग्राफरांचं काम कमी होतं, तेव्हा विकायला काढलेला माल वाढतो आणि गिऱ्हाईक कमी असतं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. त्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत दुसरी बॉडी शोधणारे फोटोग्राफर बाजारात उतरतात. घ्यायचं असेल तर श्रावण-भाद्रपद बरा, विकायचं असेल तर दिवाळी. मात्र दिवाळीत नव्या कॅमेऱ्यांवर मोठी सूट लागली तर वरची मर्यादाच खाली येते. म्हणून विकणाऱ्याने ऑफर जाहीर होण्याआधी सौदा उरकावा.

पैसे देण्याआधी एक शेवटचं काम: बिलाची प्रत आणि सही केलेली एका ओळीची पावती घ्यायची, ज्यात मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांची नावं असतील. त्याच कागदाच्या मागे आजची नवी किंमत आणि आजचा शटर काउंट लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांनी हा कॅमेरा विकायची वेळ आली की तुमचा घेणारा नेमकं हेच विचारेल. त्या वेळी मागचा आकडा बाजूला ठेवून नव्या किमतीपासून पुन्हा सुरुवात करायची.